‘सही करून पाठव’ एवढ्यावर कागद का अडतो?

वाचक लिहितात: आईच्या माघारी पुण्यातला फ्लॅट आम्हा दोघा भावंडांच्या नावावर झाला. आता गिऱ्हाईक मिळालंय, विसारही घेतलाय. धाकटा भाऊ डॅलसला असतो. त्याला येणं जमणार नाही म्हणून एजंटने मुखत्यारपत्राचा मसुदा करून दिला. तो मी भावाला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे सही करून पाठव, लवकर हवंय.’ त्याने शेवटच्या पानावर सही करून स्कॅन पाठवला. एजंट म्हणाला, असं चालत नाही. मग मी तोच कागद पुन्हा पाठवला आणि ‘नीट सही कर’ असं लिहिलं. त्याला दीड महिना झाला. फोन केला की ‘बघतो ताई’ एवढंच म्हणतो. भावजयीने काही भरवलं असेल का? सख्ख्या भावाने माझ्यावर अविश्वास दाखवावा, हे मनाला फार लागतं. त्याच्याशी स्पष्ट बोलू की मामांना मध्ये घालू?

उत्तर:

मामांना तूर्त राहू द्या. आधी तुमच्याच पत्रातली एक गोष्ट बघा. भावाने पहिल्यांदा सही केली होती. कागद आला, त्याने पान उलटलं, सही केली, पाठवून दिला. ज्याच्या मनात पाल चुकचुकते तो असं करत नाही. अडला तो त्यानंतर, म्हणजे एक सही वाया गेल्यावर. आणि ती का वाया गेली हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. ‘नीट सही कर’ हे वाक्य त्याच्या जागी बसून वाचा. कुठे चुकलं? आता किती ठिकाणी करू? प्रिंट काढून कुरिअर करू की पुन्हा स्कॅन? कुणासमोर करायची? हे विचारायला फोन करावा, तर ताई आधीच वैतागलेली. माणूस ‘बघतो’ म्हणतो आणि कागद व्हॉट्सॲपमध्ये खाली खाली जातो.

तेव्हा भावजयीवरचा संशय निदान एक नीट निरोप जाईपर्यंत बाजूला ठेवा. सहीसाठी कागद पाठवताना तीन गोष्टी लिहाव्या लागतात: सही नेमकी कुठे आणि कशी करायची, कोणत्या तारखेपर्यंत, आणि सही झाल्यावर त्या कागदाचं पुढे काय होणार. तुमच्या दोन्ही निरोपांत यातलं एकही नव्हतं. ‘लवकर’ ही तारीख नव्हे.

पण निरोप लिहिण्याआधी तो मसुदा एकदा स्वतः वाचा, शेवटपर्यंत. एजंटकडचे मसुदे बहुतेक वेळा ठरलेल्या साच्यातले असतात आणि साचा असतो कुलमुखत्यारपत्राचा: ‘माझ्या सर्व स्थावर जंगम मिळकतीबाबत’, ‘विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे’, ‘बँक खाती चालवणे’. तुम्हाला हवाय एका फ्लॅटमधला त्याचा हिस्सा विकण्याचा अधिकार, आणि कागद मागतो त्याच्या साऱ्या मिळकतीवरचा. हे वाचून भाऊ थबकला असेल तर तो शहाणा आहे, आणि भावजयीने त्याला थांबवलं असेल तर तीही. त्यात अविश्वास शोधू नका. वकिलाकडून विशेष मुखत्यारपत्र करून घ्या. त्यात फ्लॅटचा क्रमांक, सोसायटीचं नाव, क्षेत्रफळ, खरेदीदाराचं नाव आणि ठरलेली किंमत असू द्या. त्याच्या हिश्श्याची रक्कम थेट त्याच्या खात्यात जाईल, असं एक वाक्यही घाला. पैसे कुठे जाणार हा प्रश्न भाऊ तुम्हाला संकोचापायी विचारणार नाही. उत्तर कागदातच असलं तर त्याला विचारावंही लागत नाही.

स्कॅन का चालला नाही, हेही तुम्हाला माहीत हवं, म्हणजे त्याला सांगता येईल. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ नुसार, भारताबाहेर राहणाऱ्या माणसाने दिलेलं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, दंडाधिकारी किंवा भारतीय वकिलात अशा कुणासमोर तरी सही करून त्यांच्याकडून साक्षांकित करून घ्यावं लागतं. घरी टेबलावर केलेली सही, मग ती कितीही खरी असो, दुय्यम निबंधकासमोर उपयोगाची नाही. ई-साइनचा मार्गही इथे बंद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने असं घरगुती मुखत्यारपत्र त्यातून वगळलेलंच आहे. म्हणजे शाईची सही आणि मूळ कागद, याला पर्याय नाही.

डॅलसहून दोन वाटा आहेत. एक, ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीमार्फत साक्षांकन. दुसरी, तिथल्या नोटरीसमोर सही करून ऑस्टिनला टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडून त्यावर अपोस्टिल, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला घेणं. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे दुसरी वाटही रीतसर आहे. मात्र आपल्या भागातल्या निबंधक कार्यालयात कशाची सवय आहे हे वकिलाला आधी विचारा आणि भावाला एकच वाट सांगा. ‘हे कर नाहीतर ते कर’ असं लिहिलंत की तो दोन्हींची चौकशी करत बसेल.

आता तारीख. ती मनाने ठरवू नका, शेवटाकडून मागे मोजत या. समजा, खरेदीदाराशी ठरलेली मुदत ३० नोव्हेंबर २०२६ आहे. परदेशात सही झालेल्या मुखत्यारपत्रावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे, ते राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं असतं. त्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घ्यायला, अर्ज केला तर महिनाभर हाताशी हवा, आणि मध्ये दिवाळी आहे. म्हणजे मूळ कागद १५ ऑक्टोबरच्या सुमारास पुण्यात पोचायला हवा. कुरिअरला आठ-दहा दिवस, ऑस्टिनला टपालाने जाऊन यायला तीन आठवडे धरले, तर सही १२ सप्टेंबरच्या शनिवारी व्हायला हवी. ही सगळी उतरंड भावाला दाखवा. नुसतं ‘१२ तारखेपर्यंत’ म्हटलं तर तो १९ ला करेल, कारण आठवड्याने काय बिघडतं हे त्याला दिसत नसतं. ‘आठवडा उशीर झाला तर अभिनिर्णय दिवाळीत अडकेल’ असं लिहिलं की दिसतं.

तारीख अक्षरी लिहा. 05/09 म्हणजे तुमची पाच सप्टेंबर, त्याच्याकडे नऊ मे. कागदावरही आणि निरोपातही ‘१२ सप्टेंबर’ असंच लिहा.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यापायी कागद परत पाठवावे लागतात. आपल्याकडचे मसुदे लीगल आकाराच्या लांब कागदावर टाईप केलेले असतात. अमेरिकेतल्या घरच्या प्रिंटरमध्ये लेटर आकाराचा आखूड कागद असतो. तुमची पीडीएफ तिथे आक्रसून किंवा कापून छापली जाते, आणि वर्ड फाइल असेल तर प्रत्येक पानाच्या तळाच्या ओळी पुढच्या पानावर जातात. सहा पानांची नऊ पानं होतात आणि ‘पान ६ वर सही कर’ या तुमच्या सूचनेला काही अर्थच उरत नाही. म्हणून वकिलाला मसुदा लेटर आकारात बसवून द्यायला सांगा, प्रत्येक पानावर ‘६ पैकी १’, ‘६ पैकी २’ असे क्रमांक टाका, आणि वर्ड फाइल न पाठवता पीडीएफच पाठवा. मसुदा इंग्रजीत करा. मराठी कागद समोर आला की तिथले काही नोटरी ‘मला वाचता येत नाही’ म्हणून हात वर करतात.

सहीच्या जागा पीडीएफवरच दाखवा. जिथे सही हवी तिथे समासात छोटा बाण आणि ‘सही १’, ‘सही २’ असा आकडा टाका, पण ही खुणांची प्रत वेगळी ठेवा आणि छापायची प्रत कोरी ठेवा. एकूण सह्या किती ते आकड्यात सांगा, म्हणजे पाकीट बंद करण्याआधी तो मोजून बघेल. मोजण्यात चूक सापडते, नुसत्या नजर फिरवण्यात नाही. आणि जिथे काहीच करायचं नाही ती जागाही सांगा. मुखत्यार म्हणून तुमच्या स्वीकृतीची सही शेवटच्या पानावर असते. ती रिकामी दिसली की चांगला माणूस मदत म्हणून तिथेही आपली सही ठोकतो.

भावाला असं काहीसं लिहिता येईल:

> बाळा, मागच्या वेळी तू लगेच सही करून पाठवलीस, पण ती नोटरीसमोर व्हायला हवी होती. ते मी तुला सांगितलं नव्हतं. आता वकिलांकडून नवा कागद करून घेतलाय, जुना रद्द समज. हा फक्त आईच्या फ्लॅटपुरता आहे, बाकी कशाचाही अधिकार मला मिळत नाही. आधी वाच, तिथल्या कुणा वकिलाला दाखवायचा असेल तर दाखव. काही बदल हवा असेल तर ५ सप्टेंबरपर्यंत कळव.
>
> कुठे: सहा पानं, लेटर कागदावर, एकाच बाजूने छाप. निळ्या शाईने, पासपोर्टवर आहे तशीच सही. पान १ ते ५ वर खाली उजवीकडे एकेक. पान ६ वर तुझ्या नावावर एक. त्याच पानावर फोटो चिकटवून अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर अशी एक. एकूण ७ सह्या. पान ६ वर सहीशेजारी डाव्या अंगठ्याचा एक ठसा. तारीख आणि गाव नोटरीसमोर हाताने लिही, महिना अक्षरात. ‘Accepted’ लिहिलंय तिथे काही करू नकोस, ती माझी जागा आहे. घरून सही करून नेऊ नकोस. दोन साक्षीदार बरोबर घेऊन जा, नोटरी ते देत नाही. साक्षीदार म्हणून वहिनी नको, मित्र चालतील. त्यांनी पान ६ वर नाव, पत्ता, सही करायची. खाडाखोड झाली तर ते पान पुन्हा छाप.
>
> केव्हापर्यंत: शनिवार, १२ सप्टेंबर. सोमवारी कागद ऑस्टिनला अपोस्टिलसाठी टाक. परत आला की मला आधी फोटो पाठव, मी वकिलांना दाखवते, मग मूळ कागद कुरिअर कर. अपोस्टिलचं पान स्टेपल केलेलं असेल, स्कॅनसाठी ते उचकटू नकोस. कागद १५ ऑक्टोबरपर्यंत पुण्यात आला तर दिवाळीच्या सुट्ट्या सांभाळून वेळेत बसतं. तुला हा शनिवार जमत नसेल तर आजच सांग, मी खरेदीदाराशी मुदत वाढवून घेण्याचं बोलते.
>
> पुढे काय: कागद मिळाला की तुला कळवेन. मग मुद्रांक शुल्क भरायचं, ते मी भरते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खरेदीखताची नोंदणी. त्याआधी खरेदीखताचा मसुदा तुला पाठवेन, तुझा होकार आल्याशिवाय मी सही करणार नाही. तुझे पैसे खरेदीदाराकडून थेट तुझ्या खात्यात. तुला पुन्हा कुठे सही करावी लागणार नाही, फक्त बँकेचा तपशील आणि पॅन लागेल. नोंदणी झाली की या कागदाचं काम संपलं, तसं त्यात लिहिलंय.

लांब आहे, मान्य. पण फोनवर हेच सांगितलंत तर त्यातलं अर्धं तो नोटरीकडे पोचेपर्यंत विसरलेला असेल. हा निरोप तो नोटरीच्या टेबलाशी उभा राहून उघडणार आहे, म्हणून ‘कुठे’ वाला भाग सगळ्यात काटेकोर. त्यात प्रेमाची वाक्यं मिसळू नका. ती वर किंवा खाली राहू द्या.

तुमच्या पत्रात एक वाक्य लिहिलेलं नाही, पण जाणवतं: सख्ख्या भावाला असं सरकारी भाषेत काय लिहायचं, त्याला परकेपणा वाटेल. मला उलट दिसतं. पुढचं सगळं सांगून ठेवलं की भावाला तुमच्यावर विश्वास आहे की नाही हे सहीतून सिद्ध करावं लागत नाही. घरच्या माणसाकडून आपण आंधळी सही मागतो आणि त्याने डोळे उघडले की दुखावतो. तिऱ्हाईताला आपण हेच सगळं विनातक्रार समजावून सांगतो.

हा निरोप गेल्यावर मग खरं काय ते कळेल. तो ‘ठीक आहे’ म्हणाला तर प्रश्न मिटला. एखादं कलम बदला म्हणाला तर बदला, तो त्याचा हक्क आहे. किंमतच पटत नाही असं निघालं तर मग सहीचा विषयच नाही, किमतीवर बोला. आणि मुखत्यारपत्र नकोच, मी स्वतः येऊन सही करेन, असं म्हणाला तर तेही वाईट नाही. तिकिटाचा खर्च आणि सुट्टी एका बाजूला, आणि दोन महिन्यांची ही कागदांची ये-जा दुसऱ्या बाजूला. दिवाळीला तो येणारच असेल तर खरेदीदाराला विचारून नोंदणी त्याच आठवड्याच्या आसपास धरता येते. त्यालाच दोन्ही पर्याय लिहून विचारा. तारखेपर्यंत होय-नाही काहीच आलं नाही, तर मामांचा विचार करा. तेव्हाही ‘त्याला समजवा’ म्हणून नव्हे, ‘त्याला नेमकं काय अडतंय विचारा’ म्हणून.

ज्यांचे भाऊ-बहीण परदेशात नाहीत, नागपूरला किंवा गावी आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. महाराष्ट्रात सही होणाऱ्या दस्तावर मुद्रांक शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं असावं लागतं. म्हणून हक्कसोडपत्राची कोरी प्रिंट ‘सही करून ठेव, स्टँपचं नंतर बघू’ म्हणून बहिणीकडे पाठवू नये. आधी शुल्क, मग सही. दुसरी गोष्ट, सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. त्यानंतरच्या चार महिन्यांत उशीर माफ होऊ शकतो, पण नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत दंड बसू शकतो. त्यामुळे ज्या कागदाची नोंदणी कधी होणार हे ठरलेलं नाही, तो ‘हाताशी असू दे’ म्हणून सही करून घेऊ नका. आणि अशा दस्तासाठी सही करणाऱ्याला निबंधकासमोर यायचंच असतं. तेव्हा निरोपात सहीच्या जागेइतकंच ‘अमुक तारखेला सकाळी अमुक कार्यालयात, मूळ आधार आणि पॅन घेऊन’ हे महत्त्वाचं. घरी सही घेऊन आलात आणि बहीण त्या दिवशी आलीच नाही, तर त्या सहीच्या तारखेपासून दिवस मोजले जायला सुरुवात झालेली असते.

कुरिअरचं पाकीट पुण्यात आलं की त्यावरच्या तारखेसकट जपून ठेवा. कागद राज्यात कधी पोचला याचा पुरावा म्हणून मुद्रांक कार्यालयात तेच दाखवता येतं. कागद हातात पडला त्याच दिवशी भावाला ‘मिळाला, सातही सह्या जागेवर आहेत’ असं कळवा. पाठवणाऱ्याने हजारो मैलांवरून मूळ कागद टाकलेला असतो, आणि पलीकडून आठ दिवस काही आवाज नाही, हे बरं नव्हे.

आणि ती पहिली, शेवटच्या पानावर सही असलेली स्कॅन प्रत एजंटच्या फोनमध्ये अजून असेल. ती काढून टाकायला सांगा, तुमच्याकडे प्रिंट असेल तर फाडा, आणि तसं केल्याचं भावाला नव्या निरोपातच लिहा.